बेंड झाल्यावर माप वाढतं किंवा घटतं: फ्लॅट पॅटर्नमधली चूक कशी शोधायची

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपसाठी मी शीट मेटलची ड्रॉइंग करतो. कंट्रोल पॅनेलची कव्हरं, ब्रॅकेट, मोटरचे गार्ड असं काम असतं. पत्रा एका ठिकाणी फ्लॅट पॅटर्नप्रमाणे, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट आकारात, लेझरवर कापला जातो, वाकवला जातो दुसऱ्या ठिकाणी, आणि ड्रॉइंग करणारा मी तिसऱ्याच ठिकाणी बसलेला असतो. तिघांत मिळून एकच आकडा चुकतो आणि तो प्रत्येक वेळी नव्या रूपात समोर येतो. "भाऊ, तुमचा पीस बसत नाही," असा फोन आला की मी आता अंदाज करत बसत नाही. खाली दिलेल्या क्रमानेच तपासत जातो.

आधी एक मर्यादा सांगून ठेवतो. हे सगळं १ ते ३ मिलीमीटर जाडीच्या साध्या पत्र्याबद्दल आहे, म्हणजे थंड लाटलेलं सीआरसीए, जस्त चढवलेलं जीआय आणि थोडंफार स्टेनलेस. बेंड ९० अंशाचे आणि प्रेस ब्रेक या वाकवण्याच्या मशीनवर व्ही आकाराच्या डायमध्ये केलेले. मोठ्या गोलाईचं रोलिंग किंवा जाड प्लेट यांचे हिशेब वेगळे असतात.

लक्षणं

नेहमी दिसणारं लक्षण म्हणजे सपाट तुकडा ड्रॉइंगप्रमाणे बरोबर असतो, पण वाकवल्यावर बाहेरचं माप एक-दीड मिलीमीटरने जास्त येतं. कधी कमीही येतं. एक बेंड असेल तर फरक दुर्लक्ष करण्याइतका असतो, दोन बेंडना खटकतो आणि चार बेंडच्या बॉक्सला झाकणच बसत नाही.

दुसरं लक्षण असं की फ्लँज, म्हणजे वाकवून उभ्या झालेल्या बाजू, नेमक्या मापात आल्या, पण मधला भाग फुगला. बेंडिंगवाला म्हणतो माझं माप बरोबर आहे, आणि त्याचं म्हणणं खरंही असतं.

तिसरं लक्षण भोकांचं. समोरासमोरच्या दोन फ्लँजमधली भोकं सपाट पत्र्यात बरोबर असतात, पण वाकवल्यावर बोल्ट आरपार जात नाही. किंवा बेंडजवळचं गोल भोक लांबट होतं.

चौथं लक्षण सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं. मागच्या महिन्यात हीच फाइल, हाच पत्रा, आणि माल बरोबर आला होता. या वेळी चुकला.

ज्या कामावर हे सगळं समजावतो ते काम

यू आकाराचं कव्हर. पत्रा २ मिलीमीटर सीआरसीए, मधला भाग बाहेरून १००, दोन्ही फ्लँज बाहेरून ४०, लांबी ३००. हे कव्हर दोन उभ्या प्लेटमधल्या १००.५ च्या फटीत सरकवायचं होतं. ४० नग कापले, वाकवले, आणि मधला भाग १०१.७ आला. एकही नग आत गेला नाही. ती फाइल मीच दिली होती.

आता तपासण्या. पहिल्या दोनला एक पैसा लागत नाही, सहावीला पत्र्याचे तीन तुकडे आणि बेंडिंगवाल्याची दहा मिनिटं लागतात.

१. न वाकवलेला तुकडा मोजा

लॉटमधला एक नग वाकवण्याआधी बाजूला ठेवायची सवय लावून घ्या. तो नसेल तर लेझरवाल्याकडे उरलेला असतो. व्हर्नियरने त्याची एकूण रुंदी मोजा आणि फाइलमधल्या मापाशी ताडून पाहा.

या एका मापाने भांडण निम्मं मिटतं. सपाट तुकडाच फाइलपेक्षा वेगळा असेल तर चूक कापण्यात आहे, बेंडचा हिशेब बदलायला जाऊ नका. सपाट तुकडा बरोबर असेल तर लेझरवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही.

कापण्यातली चूक ओळखायची खूण सोपी आहे. लेझरचा किरण पत्र्यातून जाताना बारीक फट खातो, साधारण ०.१ ते ०.३ मिलीमीटर. मशीनवरचं प्रोग्रॅमिंग ही फट भरून काढतं. ती भरपाई बंद राहिली तर बाहेरचं माप थोडं लहान आणि भोक थोडं मोठं येतं, दोन्ही एकाच वेळी. म्हणून बाहेरच्या मापाबरोबर एक भोकही मोजा. उलट काही जण फाइल करतानाच फट धरून रेषा सरकवतात आणि मशीन ती पुन्हा सरकवतं. फाइलमध्ये खरं माप द्या, फटीचा हिशेब लेझरवाल्याचा.

माझ्या कव्हरचा सपाट तुकडा फाइलमध्ये १७४.२८ होता, मोजला तर १७४.३. म्हणजे कटिंग निर्दोष होतं.

२. फरकाला बेंडच्या संख्येने भागा

वाकवलेल्या नगाची सगळी बाहेरची मापं घ्या आणि बेरीज करा. ड्रॉइंगमध्ये ४० अधिक १०० अधिक ४०, म्हणजे १८०. माझ्या नगाची बेरीज १८१.७ आली. फरक १.७, बेंड दोन, म्हणजे दर बेंडला सुमारे ०.८५.

फक्त मधलं माप बघून निष्कर्ष काढू नका, बेरीजच करा. कारण चूक कुठे दिसेल हे वाकवणाऱ्यावर अवलंबून असतं. त्याने बॅकगेज, म्हणजे पत्रा मागे जिथे टेकतो तो थांबा, अशी लावली की फ्लँज नेमकी ४० यावी, तर दोन्ही बेंडचा सगळा फरक मधल्या भागात जमा होतो आणि तो १०१.७ होतो. त्याने तुमच्या फाइलमधल्या बेंड रेषेवर पंच टेकवला असता तर फ्लँज ४०.४ आणि मधला भाग १००.८ आला असता. चूक तीच, पण दिसणारं रूप वेगळं. बेरीज मात्र दोन्ही वेळा १८१.७ च येते.

दर बेंडला येणारा हा आकडाच पुढची दिशा दाखवतो. तो पत्र्याच्या जाडीइतका किंवा जाडीच्या दुपटीइतका असेल, म्हणजे इथे नेमका २ किंवा ४, तर बेंडचा हिशेब सोडा. कोणीतरी आतलं माप बाहेरचं म्हणून घेतलं आहे. गिऱ्हाइकाने "आत १०० पाहिजे" म्हटलं असेल तर बाहेरून ते १०४ होतं. ड्रॉइंगवर मापाची रेषा पत्र्याच्या कोणत्या बाजूला टेकली आहे ते झूम करून पाहा. ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते, कारण स्क्रीनवर २ मिलीमीटरचा पत्रा म्हणजे दोन जवळजवळच्या रेषा असतात.

फरक दर बेंडला ०.३ ते १ च्या दरम्यान असेल तर तो खरा बेंडचा फरक आहे. पुढे वाचा.

३. पत्र्याची जाडी

मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा, कडेची बर टाळून. बाजारात पत्रा अजून गेजमध्ये बोलला जातो, आणि गेज म्हणजे मिलीमीटर नव्हे. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश गेजप्रमाणे १४ गेज २.०३ मिलीमीटर, १६ गेज १.६३, १८ गेज १.२२. अमेरिकन पद्धतीच्या तक्त्यात १४ गेजचं स्टील १.९० च भरतं. इंटरनेटवरून उतरवलेला तक्ता कुठला आहे ते न बघता वापरला की इथेच चुकतं.

जाडीत ०.१ चा फरक पडला तर साध्या पत्र्यात दर बेंडला साधारण ०.१३ चा फरक पडतो. म्हणजे ०.८५ चं कारण एकटी जाडी असू शकत नाही. पण गिऱ्हाइकाने २ सांगितला आणि दुकानदाराने १.६ दिला असं झालं असेल तर ते इथेच कळेल. माझा पत्रा २.०० ते २.०२ होता.

४. सॉफ्टवेअरने काय धरलं आहे ते उघडून पाहा

इथे थोडं थांबून समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पत्रा वाकतो तेव्हा बाहेरचा थर ताणला जातो आणि आतला दाबला जातो. मध्ये एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. सपाट लांबी म्हणजे त्या थराची लांबी. तो थर जाडीच्या नेमका मध्यभागी राहिला असता तर हिशेब सोपा होता. पण वाकताना तो आतल्या बाजूला सरकतो. आतल्या पृष्ठभागापासून तो जाडीच्या किती भागावर आहे, तो आकडा म्हणजे के फॅक्टर. साध्या पत्र्यात आणि जाडीइतक्याच किंवा थोड्या मोठ्या गोलाईत तो ०.४ ते ०.४५ च्या आसपास असतो.

९० अंशाच्या बेंडसाठी सूत्रं अशी:

```
BA = 1.5708 * (R + K*T)
BD = 2*(R + T) - BA
Flat = (बाहेरच्या मापांची बेरीज) - (बेंड संख्या)*BD
```

`T` जाडी, `R` आतली गोलाई, `K` के फॅक्टर. `BA` म्हणजे बेंड अलाउन्स, गोलाईत खर्च होणारी पत्र्याची लांबी. `BD` म्हणजे बेंड डिडक्शन, बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर बेंडला वजा करायची लांबी. वर्कशॉपमध्ये बोलताना हा दुसरा आकडाच कामाचा, कारण तो पत्र्याची पट्टी वाकवून मोजता येतो. के फॅक्टर कोणालाच मोजता येत नाही, तो हिशेबाने काढावा लागतो.

आता तुमच्या फाइलमध्ये शीट मेटलचा नियम उघडा आणि तीन आकडे कागदावर लिहा: जाडी, आतली गोलाई, के फॅक्टर. फ्यूजन आणि इन्व्हेंटरमध्ये सुरुवातीला के फॅक्टर ०.४४ असतो, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ०.५ ही दिसतो. फ्रीकॅडमध्ये पत्रा उलगडताना `ANSI` आणि `DIN` असे दोन पर्याय येतात. त्यात `DIN` चा आकडा `ANSI` च्या दुप्पट असतो, म्हणून ०.४४ हा आकडा चुकीच्या पर्यायाखाली टाकला की तो ०.२२ धरला जातो.

दुसऱ्याकडून आलेलं स्टेप फाइलचं मॉडेल शीट मेटलमध्ये बदलून घेतलं असेल तर जास्त जपा. त्यात गोलाई मॉडेल करणाऱ्याने डोळ्याला बरी दिसेल अशी ठेवलेली असते.

माझ्या फाइलमध्ये गोलाई १ आणि के फॅक्टर ०.५ होता, जुन्या टेम्प्लेटमधून आलेला. त्यावरून बेंड अलाउन्स ३.१४, बेंड डिडक्शन २.८६, सपाट रुंदी १८० वजा ५.७२, म्हणजे १७४.२८. सॉफ्टवेअरने गणित अचूक केलं होतं, पण ज्या गोलाईचं केलं ती पत्र्यात आलीच नव्हती. गोलाईमापकाने तयार नगाची आतली गोलाई पाहिली तर ती २.५ निघाली.

५. डाय कोणती लावली ते विचारा

माझ्याकडे दहा तक्रारी आल्या तर सात-आठ इथे येऊन थांबतात. पहिली तीन-चार वर्षं मला हे कळलंच नव्हतं, कारण मी प्रेस ब्रेकसमोर कधी उभाच राहिलो नव्हतो.

आजकाल बहुतेक बेंड हवेत होतात. म्हणजे पंच पत्र्याला व्ही डायमध्ये ढकलतो, पण पत्रा डायच्या तळाला टेकत नाही. तो डायच्या दोन खांद्यांवर आणि पंचाच्या टोकावर, अशा तीन ठिकाणी टेकून वाकतो. अशा वेळी आतली गोलाई ड्रॉइंगमधला आकडा ठरवत नाही, ती डायच्या तोंडाची रुंदी ठरवते. साध्या पत्र्यात ती तोंडाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी, जवळपास १६ टक्के येते. ३०४ स्टेनलेसमध्ये ती जास्त येते, २० टक्क्यांच्या आसपास. मऊ ॲल्युमिनिअममध्ये कमी. पंचाचं टोकच यापेक्षा जाड असेल तर मात्र गोलाई पंचाप्रमाणे येते.

२ मिलीमीटरच्या पत्र्याला जाडीच्या आठपट म्हणून १६ ची डाय लावायची पद्धत आहे. १६ च्या १६ टक्के म्हणजे २.५६. माझ्या गोलाईमापकाने २.५ दाखवली होती ती अशी.

आता चौथ्या लक्षणाचं उत्तर. याच पत्र्याला के फॅक्टर ०.४४ धरून वेगवेगळ्या डाय लावल्या तर १२ च्या डायवर बेंड डिडक्शन सुमारे ३.४ येतं, १६ वर ३.७ आणि २० वर ४.०. मागच्या महिन्यात १२ ची डाय मशीनवर चढलेली होती, या महिन्यात आधीचं काम ३ मिलीमीटरचं होतं म्हणून २० ची तशीच राहिली, तर दर बेंडला ०.६ चा फरक पडणार. चार बेंडच्या बॉक्सला सव्वादोन मिलीमीटरच्या आसपास. फाइल तीच, पत्रा तोच, माणूसही तोच. त्याची यात चूक नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ही फाइल अमुक डायसाठी आहे.

म्हणून आता माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर शीर्षकाच्या चौकटीत एक ओळ असते: "२ मिमी सीआरसीए, व्ही १६, बेंड डिडक्शन ३.७". आणि फाइल करण्याआधी एक फोन करतो, "काका, दोनच्या पत्र्याला कुठली डाय चढवणार?"

डाय विचारण्याचं आणखी एक कारण आहे. फ्लँज डायच्या दोन्ही खांद्यांवर टेकायला हवी, नाहीतर ती आत घसरते. १६ च्या डायवर फ्लँज बाहेरून किमान ११ मिलीमीटर लागते. तुम्ही ८ ची काढली असेल तर ऑपरेटरला नाइलाजाने लहान डाय लावावी लागते, आणि मग त्या एका बेंडचं डिडक्शन बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं. एकाच नगात एक फ्लँज बरोबर आणि एक चुकीची येत असेल तर हेच बघा.

६. पट्टीची चाचणी

वरचे आकडे अंदाज बांधायला पुरेसे आहेत, १०० नग कापायला नाहीत. त्याच शीटमधून, त्याच लेझरवर तीन पट्ट्या कापून घ्या, १०० लांब आणि ५० रुंद. तिन्ही पट्ट्या शीटमध्ये एकाच दिशेने ठेवा, आणि ती दिशा तुमचा नग ज्या दिशेने ठेवणार आहात तीच असू द्या. पत्र्याला लाटण्याची दिशा असते, आडवं आणि उभं वाकवताना थोडा फरक पडतो.

वाकवण्याआधी प्रत्येक पट्टीची लांबी मोजून तिच्यावरच मार्करने लिहा. ९९.९ असेल तर ९९.९ लिहा, १०० नको. मग जी डाय कामाला लावणार तिच्यावर मध्यभागी ९० अंशात वाकवा. गुण्या लावून कोन तपासा. कोन ९१ किंवा ८९ असेल तर ती पट्टी मोजू नका, आधी कोन दुरुस्त करून घ्या. कोनातली चूक मापात शिरली की आकडा फसवा येतो.

आता दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरजेतून मूळ लांबी वजा केली की बेंड डिडक्शन हातात येतं. माझ्या कव्हरच्या पत्र्याची एक पट्टी अशी होती:

```
L = 100.0
A = 51.9   B = 51.8
BD = 51.9 + 51.8 - 100.0 = 3.7
```

बाकी दोन पट्ट्या ३.७ आणि ३.६५ आल्या. एका पट्टीचा आकडा घेऊन कधीच पुढे जाऊ नका. व्हर्नियर कडेला किंचित तिरका धरला तरी ०.१ चा फरक येतो, आणि तीन पट्ट्यांत ते उघड होतं.

सॉफ्टवेअरमध्ये बेंड डिडक्शन थेट भरायची सोय असेल तर ३.७ तसंच भरा. फक्त के फॅक्टर घेणारं सॉफ्टवेअर असेल तर उलटा हिशेब करा:

```
R = 2.5   T = 2   BD = 3.7
BA = 2*(2.5 + 2) - 3.7 = 5.3
K = (5.3/1.5708 - 2.5) / 2 = 0.437
```

म्हणजे गोलाई २.५ आणि के फॅक्टर ०.४४ भरायचा. दोन्ही आकडे जोडीने भरायचे, ही गोष्ट जीव तोडून सांगतो. मी पाहिलंय, लोक पट्टीवरून ०.४४ काढतात आणि मॉडेलची गोलाई १ च ठेवतात. मग बेंड डिडक्शन ३.०५ येतं आणि बरीचशी चूक तशीच राहते. के फॅक्टर एकटा काही सांगत नाही, तो त्या गोलाईपुरताच खरा असतो.

नव्या आकड्याने कव्हरची सपाट रुंदी १८० वजा ७.४, म्हणजे १७२.६ झाली. आधीच्या फाइलपेक्षा १.६८ ने कमी, आणि नगावर दिसलेला फरक १.७ होता. असा मेळ बसला की कारण सापडलं असं समजायचं. मेळ बसत नसेल, समजा नगावर २.५ चा फरक आहे आणि नवा हिशेब १.७ च सांगतो, तर दुसरीही एखादी चूक आहे. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. आमचा पुढचा लॉट मोजला तेव्हा मधला भाग १००.० ते १००.१ आला आणि कव्हर हाताने सरकलं.

या पट्ट्या फेकू नका. माझ्याकडे एका तारेत ओवलेल्या साठेक पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर पत्रा, डाय आणि आकडा लिहिलेला. जीआयचं जुनं काम परत आलं की मी फाइल नाही, आधी पट्टी शोधतो.

७. लेझरला द्यायची फाइल

माप बरोबर झालं तरी फाइलमुळे लॉट वाया जाऊ शकतो. वाकवलेल्या मॉडेलचा वरून घेतलेला व्ह्यू देऊ नका, उलगडलेल्या फ्लॅट पॅटर्नचीच डीएक्सएफ काढा. ऐकायला साधं वाटतं, पण घाईत ही चूक झालेली मी दोनदा पाहिली आहे.

बेंड रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा आणि लेझरवाल्याला स्पष्ट सांगा की त्या कापायच्या नाहीत. तो लेयर शिल्लक राहिला आणि कोणी बघितलं नाही, तर मशीन कव्हरचे तीन तुकडे करून देतं. मी बेंड रेषा फाइलमधून काढूनच टाकतो आणि बेंडच्या दोन्ही टोकांना कडेवर अर्ध्या मिलीमीटरची बारीक खाच ठेवतो. ऑपरेटरला रेषा दिसते आणि कापली जाण्याची भीती नाही. बेंडची मापं छापलेल्या ड्रॉइंगवर जातात.

मापं मिलीमीटरमध्ये, एकास एक. फाइल इंचाची म्हणून उघडली गेली तर नग २५.४ पट होतो, ते लगेच कळतं. पण कोणी ड्रॉइंग शीटवरचा एकास दोनचा व्ह्यू पाठवला तर नग अर्धा येतो, आणि लहान ब्रॅकेटमध्ये ते कापून झाल्यावरच लक्षात येतं. म्हणून फाइलसोबत एक वाक्य लिहून पाठवा: "एकूण माप १७२.६ बाय ३००". लेझरवाला ते स्क्रीनवर ताडून बघतो.

रेषा एकावर एक दोनदा आल्या आहेत का आणि बाहेरची कड पूर्ण बंद आहे का, हे शेवटी पाहा. दुहेरी रेषेवर मशीन दोनदा जाऊन कड जाळतं.

बेंडजवळच्या भोकांचं गणित थोडक्यात: भोकाची कड बेंड जिथे संपतो तिथून जाडीच्या किमान दुप्पट लांब ठेवा. आमच्या कव्हरमध्ये बेंड बाहेरच्या कोपऱ्यापासून साडेचारवर संपतो, म्हणून भोकाची कड कोपऱ्यापासून साडेआठच्या आत नको. आणायचीच असेल तर भोक वाकवल्यानंतर ड्रिल करा. कितीही अचूक डिडक्शन काढलं तरी लांबट झालेलं भोक गोल होत नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

तीन पट्ट्यांचे आकडे एकमेकांपासून ०.२ पेक्षा जास्त लांब येत असतील आणि जाडी सारखी असेल, तर प्रश्न तुमच्या फाइलचा नाही. पंच खाली आणणारा रॅम दर वेळी एकाच खोलीवर येत नाही किंवा डायचे खांदे झिजलेत. प्रेस ब्रेक दुरुस्त करणारा बोलवायला सांगा. मशीनच्या पॅरामीटरमध्ये स्वतः आकडे बदलून बघू नका. एका कामाचं माप जुळतं आणि बाकी सगळी बिघडतात.

लांब नगाला टोकांशी ९० आणि मध्ये ९२ कोन येत असेल तर दाबाखाली मशीन मध्यभागी झुकतंय. हेही मशीनवाल्याचं काम आहे. फ्लॅट पॅटर्नमध्ये त्यावर काहीही उपाय नाही, कारण एकच आकडा टोकाला बरोबर आणि मध्ये चूक ठरतो.

गोलाई लहान हवी म्हणून ऑपरेटरला जबरदस्तीने बारीक डाय लावायला लावू नका. २ मिलीमीटरच्या साध्या पत्र्याला १६ च्या डायवर मीटरमागे साधारण १६-१७ टन दाब लागतो. १२ ची लावली की तो एक तृतीयांशाने वाढतो. डायवर कोरलेल्या मर्यादेपलीकडे गेलात तर डाय फुटू शकते, आणि समोर माणूस उभा असतो. जाडीच्या सहापटीपेक्षा लहान डाय लागतेय असं दिसलं तर टूलिंग पुरवणाऱ्याचा सल्ला घ्या, किंवा गिऱ्हाइकाला सांगा की गोलाई मोठी ठेवावी लागेल.

बेंडच्या बाहेरच्या बाजूला बारीक चिरा दिसल्या तर काम तिथेच थांबवा. पत्रा कडक आहे किंवा लाटण्याच्या दिशेला समांतर वाकवला जातोय. नग ९० अंश फिरवून एकदा बघा, तरी चिरा आल्या तर पत्र्याचा दाखला मागवा आणि धातू तपासणाऱ्या लॅबला तुकडा द्या. उचलायचे हूक, मशीनचे गार्ड, वजन पेलणारे ब्रॅकेट यांच्या बेंडला चीर असेल तर माप जुळलं म्हणून तो माल देऊ नका. ती फाइल स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जायला हवी.

यापैकी कोणालाही बोलवताना चार गोष्टी सोबत ठेवा: एक न वाकवलेला नग, एक वाकवलेला नग, तारीख लिहिलेल्या तिन्ही पट्ट्या, आणि ज्या डायवर काम झालं तिच्या तोंडाचं माप.